व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या घरात टीव्ही जोडताना: आधी मोजा, मग स्टॅबिलायझर, मग स्पाइक गार्ड

माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या टीव्हींपैकी बऱ्याच जणांच्या सोबत मालक एक वाक्य आणतो: "अहो, स्पाइक गार्ड लावला होता की!" किंवा उलटं, "स्टॅबिलायझर होता, तरी गेला कसा?" मागचं झाकण काढलं की पॉवर सप्लायच्या बोर्डावर एक निळी गोल चकती फुटलेली असते, शेजारचा फ्यूज आतून काळा पडलेला असतो. कधी तेवढ्यावर भागतं, कधी मेन बोर्डसुद्धा गेलेला असतो. वस्तू लावलेली होती हे खरंच असतं. पण ती दुसऱ्याच दुखण्यावरची होती, किंवा चुकीच्या जागी होती, किंवा तिला अर्थिंगच नव्हतं.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि काम त्याच क्रमाने करा. खरेदी तिसऱ्या टप्प्यावर आहे. लोक पहिल्याच टप्प्यात दुकानात जातात आणि तिथेच चुकतं.

## आधी एवढं समजून घ्या: कोण कशापासून वाचवतं

विजेचा त्रास तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींना आपण सरसकट "व्होल्टेज" म्हणतो.

पहिला त्रास म्हणजे व्होल्टेज तासन् तास कमी किंवा जास्त राहणं. दिवसा पंप चालू असताना १६०-१७०, मध्यरात्री पंप बंद झाले की २६०. यावर काम करतो तो स्टॅबिलायझर. त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि रिले असतात. व्होल्टेज बदललं की रिले ट्रान्सफॉर्मरचे वेढे कमी-जास्त जोडतात. तो जो "टक्" आवाज येतो, तो हाच.

दुसरा त्रास म्हणजे क्षणिक उसळी. लांब कुठे वीज पडली, डीपीवर फ्यूज टाकला, शेजारची मोठी मोटर बंद झाली, की तारेतून हजार-दोन हजार व्होल्टचा झटका येतो आणि सेकंदाच्या अगदी लहान अंशात संपतो. रिलेला हलायलाही वेळ मिळत नाही. इथे सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे आपला स्पाइक गार्ड, कामाला येतो. त्याच्यात तीच निळी चकती असते, एमओव्ही म्हणतात तिला. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर गेलं की ती वाहू लागते आणि झटका स्वतःच्या अंगावर घेते.

तिसरा त्रास सगळ्यात वाईट: डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटणं. मग एका घरात ट्यूब मिणमिणते आणि दुसऱ्या घरात पंखा विमानासारखा फिरतो. ज्या फेजवर भार कमी, त्या घरांत व्होल्टेज ३००-३५० पर्यंत, क्वचित ४०० च्या जवळ जातं आणि तिथेच राहतं. स्पाइक गार्डमधली चकती सहसा २७५ किंवा ३०० व्होल्टची असते. ती मायक्रोसेकंदाचा झटका झेलण्यासाठी बनवलेली आहे. सलग ३५० व्होल्ट दिले तर ती तापते, फुटते, कधी कधी पेटते. न्यूट्रलच्या त्रासावर उपाय एकच, पुरवठा तोडणारं काहीतरी मध्ये असणं.

टीव्ही मुळात मरतो कशाने, हेही इथेच सांगून टाकतो. कमी व्होल्टेजने नव्हे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत लाईट डिम झाली की चित्र चारी बाजूंनी आखडायचं, ते पाहून पाहून कमी व्होल्टेजची भीती आपल्या डोक्यात बसली आहे. आजच्या एलईडी टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे १६० वर तो निवांत चालतो. धोका वरच्या बाजूला आहे. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सहसा ४५० व्होल्टची मर्यादा लिहिलेली असते. त्याच्यावर येणारं डीसी व्होल्टेज मेनच्या साधारण १.४१ पट होतं. २३० ला ते ३२५ होतं, २६५ ला ३७५ च्या आसपास, आणि ३२० ला ४५० पार. मार्जिन कुठे संपतं ते यावरून दिसेल.

तपासा: तुमच्या टीव्हीच्या स्टिकरवर १००-२४० लिहिलंय की २२०-२४०, हे आत्ता मोबाईलच्या टॉर्चने वाचा आणि फोटो काढून ठेवा. पुढे लागेल. २२०-२४० असेल तर कमी व्होल्टेजसाठीही स्टॅबिलायझर घ्यायला कारण आहे.

## टप्पा १: मोजणी, आणि तीही दोन आठवडे

सॉकेटमध्ये खुपसायचा आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. तो घ्या. मल्टीमीटर असेल तर उत्तमच, पण नॉब एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० वर हवा आणि लाल वायर अँपिअरच्या भोकात नको. त्या भोकात राहिलेल्या वायरने सॉकेट तपासणं म्हणजे हातात शॉर्टसर्किट करणं.

मीटर टीव्हीच्याच बोर्डावर लावा, स्वयंपाकघरात नको. लांबच्या खोलीतल्या बारीक वायरवर आणि सैल स्क्रूवर आणखी पाच-दहा व्होल्ट पडतात, आणि तुम्हाला तेच हवे आहेत.

दिवसातून पाच वेळा आकडा लिहा: सकाळी ९, दुपारी १, रात्री ८, रात्री ११ आणि पहाटे ५. पहाटेचा आकडा सगळे टाळतात. घातक नेमका तोच असतो, कारण त्या वेळी भार सगळ्यात कमी आणि व्होल्टेज सगळ्यात जास्त.

दोन आठवडे का, तर शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, तर पुढच्यात रात्री. वाडी-वस्तीवरच्या ज्या घरांना शेतीच्याच डीपीवरून लाईट आहे, त्यांचं व्होल्टेज पाळीबरोबर उलटंपालटं होतं. एकाच आठवड्याच्या मोजणीवर स्टॅबिलायझर घेतला की पुढच्या आठवड्यात तो "खराब निघाला" म्हणून परत दुकानात येतो.

माझ्या मावसभावाचं घर सांगोल्याकडे वस्तीवर आहे. डाळिंबाची बाग, आजूबाजूला आठ-दहा मोटारी, सगळ्यांना एकच डीपी. त्याच्या वहीतले दिवसपाळीच्या आठवड्यातले आकडे असे होते: सकाळी ९ ला १७८, दुपारी १६५, रात्री ८ ला १९२, रात्री ११ ला २४८, पहाटे ५ ला २६४. शेजारची मोटर चालू होताना क्षणभर १५० पर्यंत डुबकी. त्याची तक्रार होती "व्होल्टेज लई कमी येतंय". वही पाहिल्यावर मी म्हटलं, "तुझा टीव्ही दुपारी मरणार नाही रे, पहाटे मरेल. रिमोटने बंद करून झोपतोस ना?" तो म्हणाला, "मग काय, उठून बटण कोण बंद करणार?"

रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो. त्याचा पॉवर सप्लाय मेनला जोडलेलाच राहतो आणि २६४ व्होल्ट खात बसतो.

सावधान: मोजताना आकडा २८० च्या वर दिसला, किंवा एका खोलीत लाईट प्रखर आणि शेजाऱ्याकडे मंद असेल, तर वही बाजूला ठेवा. मेन स्विच पाडा आणि तक्रार नोंदवा. महावितरणचे ग्राहक असाल तर १९१२ वर. हा न्यूट्रलचा प्रकार आहे. लाईनमन येऊन गेल्यावर आधी मीटरने पाहा, मगच बाकीची बटणं चालू करा.

## टप्पा २: अर्थिंग, नाहीतर पुढचं निम्मं वाया

चांगल्या प्रतीच्या स्पाइक गार्डमध्ये तीन चकत्या असतात: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. अर्थिंग नसेल तर शेवटच्या दोन शोभेच्या. विजेच्या कडकडाटात येणारा झटका बऱ्याचदा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांवर एकदमच चढतो, म्हणजे या शोभेच्या दोघींचीच त्या वेळी गरज असते.

मल्टीमीटरने तिन्ही भोकं पाहा. सॉकेटकडे तोंड करून, मोठं भोक वर असताना, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवं. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे आकडे जवळजवळ सारखे यावेत. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यावं.

मावसभावाकडे फेज-न्यूट्रल २१०, फेज-अर्थ ९६ आणि न्यूट्रल-अर्थ ७० च्या पुढे. असे अधांतरी आकडे आले की समजायचं, अर्थची तार कुठेतरी तुटली आहे आणि मीटर नुसतं हवेतलं व्होल्टेज दाखवतोय. वायरमनला बोलावलं. मीटरच्या बोर्डावर हिरवी वायर पट्टीतून निसटलेली होती, आणि अंगणातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा. वायर आवळली, खड्ड्यात चार-पाच बादल्या पाणी गेलं, आकडे आले २११, २१० आणि दीड. पण पाणी घालून आलेलं अर्थिंग पाणी आटलं की जातं. उन्हाळ्यात दर आठवड्याला एक-दोन बादल्या घाला, किंवा खड्डा नव्याने भरून घ्या.

मीटरवर आकडे बरोबर आले म्हणजे अर्थिंग दणकट आहे असंही नाही. एका केसाएवढ्या तारेनेही मीटर खूश होतो. भार टाकून तपासणी वायरमनकडूनच करून घ्या. बल्बचा होल्डर घेऊन फेज-अर्थमध्ये स्वतः प्रयोग करू नका. अर्थ खराब असेल तर त्या वेळी घरातल्या फ्रीजच्या, मोटरच्या पत्र्यावर करंट येऊ शकतो.

नेहमीची चूक: तीन पिनचा प्लग जुन्या दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून दोन पिनांचा अडॅप्टर लावणं. खर्च केलेलं सगळं अर्थिंग त्या दहा-वीस रुपयांच्या तुकड्यापाशी थांबतं. सॉकेट बदला.

टीव्हीलाच दोन पिनांची वायर असेल तर गोंधळू नका. बरेच टीव्ही तसेच येतात. अर्थ स्पाइक गार्डला हवा आहे.

## टप्पा ३: आता खरेदी

वहीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या. मावसभावाचे १५० आणि २६४. स्टॅबिलायझरच्या डब्यावर चालण्याची रेंज लिहिलेली असते. ती तुमच्या आकड्यांच्या दोन्ही बाजूंना किमान वीस व्होल्ट पुढे हवी. म्हणजे इथे १३० ते २८५ किंवा त्याहून मोठी. ९० ते २९० च्या टीव्हीच्या स्टॅबिलायझरमध्ये हे बसतं.

पण रेंजपेक्षाही एक गोष्ट विचारा, जी कुणी विचारत नाही: व्होल्टेज रेंजच्या वर गेलं तर हा आउटपुट तोडतो का? यालाच हाय कट म्हणतात. काही स्वस्त स्टॅबिलायझर जमेल तेवढं कमी करतात आणि उरलेलं टीव्हीला देऊन टाकतात. असा घेऊ नका. चांगल्या दुकानात व्हेरिअ‍ॅक असतो, हाताने फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र. दुकानदाराला म्हणा, तीनशेच्या जवळ नेऊन दाखवा. आउटपुटला लावलेला बल्ब विझला पाहिजे. जो दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

क्षमता काढायला फार गणित नको. टीव्ही १०० वॅट, सेट टॉप बॉक्स १५, साउंडबार ४०, एकूण १५५. याची दुप्पट करा, ३१० आले. दुप्पट अशासाठी, की अशा उपकरणांचा करंट एकसारखा न येता ठोक्याठोक्याने येतो, आणि कमी व्होल्टेजला स्टॅबिलायझर मेनमधून जास्त करंट ओढतो. ३१० ला २३० ने भागलं की साधारण १.३५ अँपिअर. टीव्हीचे स्टॅबिलायझर अँपिअरवर विकले जातात. इथे २ अँपिअरचा पुरेसा झाला. एसीचा चार केव्हीएचा भलामोठा डबा टीव्हीला लावून फायदा काही नाही. उलट तो दिवसभर स्वतःच वीज खात गरम बसतो. फ्रीजचाही नको: त्यात कॉम्प्रेसरसाठी तीन-एक मिनिटं थांबायची सोय असते, आणि दर डुबकीला तीन मिनिटं टीव्ही बंद राहिला की घरातली मंडळी तो काढून फेकतात.

स्पाइक गार्ड घेताना नुसता लाल बटणाचा एक्स्टेन्शन बोर्ड उचलू नका. त्याच्यात बऱ्याचदा फ्यूज किंवा छोटा कटआउट सोडून काहीच नसतं. डब्यावर ज्यूलचा आकडा लिहिलेला हवा आणि "प्रोटेक्टेड" असा दिवा हवा. अर्थचा वेगळा दिवा असेल तर अजून चांगलं. डिश किंवा केबलची वायर जिच्यातून जाऊ शकते अशी सोय असलेला मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. कारण पुढे येईलच.

तिसरी वस्तू फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे न्यूट्रल जाण्याचा इतिहास आहे: ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. मीटरजवळच्या बोर्डात एमसीबीशेजारी बसतो, व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की अख्ख्या घराची लाईट तोडतो आणि स्थिर झाल्यावर परत जोडतो. वरची मर्यादा २७० ठेवा. तुमच्याकडे पहाटे रोजच २६४ येत असताना २६० ठेवलीत तर पंखे रोज पहाटे बंद पडतील. खालची १५० पेक्षा वर ठेवू नका, नाहीतर दर मोटरला घर अंधारात. घराच्या भाराएवढ्या अँपिअरचा घ्या आणि बसवणं वायरमनकडून. एकाच टीव्हीसाठी महाग वाटेल, पण न्यूट्रल गेला तर एकटा टीव्ही जात नाही, फ्रीज आणि सगळे एलईडी बल्बही जातात. शिवाय ३५०-४०० व्होल्टला खुद्द स्टॅबिलायझर जळू शकतो, तो या यंत्रामागे असला तर वाचतो.

## टप्पा ४: जोडणीचा क्रम

भिंतीचा सॉकेट, त्यानंतर स्टॅबिलायझर, त्यानंतर स्पाइक गार्ड, आणि स्पाइक गार्डमध्ये टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार.

याच्या उलट क्रम सांगणारेही भेटतील. त्यांचं म्हणणं असं की स्पाइक गार्ड आधी असला तर स्टॅबिलायझरही वाचतो. जिथे व्होल्टेज स्थिर आहे आणि फक्त विजांचा त्रास आहे, तिथे त्यात तथ्य आहे. आपल्याकडे मात्र पुढे बसलेला स्पाइक गार्ड रोज पहाटे २६४ सोसतो आणि न्यूट्रल गेला की पहिला पेटतो. मागे बसला तर स्टॅबिलायझर त्याला सरळ केलेलं व्होल्टेज देतो आणि वर गेलं की तोडतो. शिवाय तो टीव्हीच्या अगदी जवळ राहतो, आणि झटका अडवायला जागा तीच चांगली.

जोडताना असं करा:

1. भिंतीचं बटण बंद. टीव्हीचा प्लग अजून हातातच, कुठेही लावू नका.
2. स्टॅबिलायझर भिंतीवर किंवा उघड्या फळीवर बसवा, चारी बाजूंनी चार बोटं हवा राहील असा. त्यावर क्रोशाचा रुमाल आणि गणपतीची मूर्ती ठेवायची प्रथा आहे. मूर्ती शेजारी ठेवा, रुमाल काढा. तो गरम होतो.
3. स्टॅबिलायझर चालू करा आणि आउटपुटला टीव्हीऐवजी तो छोटा व्होल्टमीटर आणि एक साधा बल्ब लावा.
4. एक पूर्ण दिवस आणि रात्र तसंच ठेवा. वहीत आता दोन रकाने: आत किती, बाहेर किती.
5. आकडे पटले तरच स्पाइक गार्ड आणि मग टीव्ही.

चौथ्या पायरीवर लोकांचा धीर सुटतो. नवा टीव्ही समोर, मॅच चालू, आणि हा म्हणतो दिवसभर बल्ब बघा. पण चुकीचा टॅप जोडलेला स्टॅबिलायझर टीव्ही लावल्यावर कळण्यापेक्षा बल्बावर कळलेला बरा. मावसभावाकडे आत १६५ असताना बाहेर २०५ आले, आत २६४ असताना बाहेर २३०. रिले-स्टॅबिलायझर पायऱ्यांनी चढ-उतार करतो, त्यामुळे बाहेर नेमके २३० कधीच मिळणार नाहीत. २०० ते २४५ च्या मध्ये काहीही आलं तरी ठीक आहे.

तपासा: रिलेची टक्-टक् मिनिटाला दहा-दहा वेळा होतेय? तुमचं व्होल्टेज नेमकं दोन पायऱ्यांच्या उंबरठ्यावर घुटमळतंय, किंवा बोर्डाचा स्क्रू सैल आहे. आधी स्क्रू पाहून घ्या. तो घट्ट असूनही आवाज थांबत नसेल तर स्टॅबिलायझर बदलून घ्या. असा रिले वर्षभरात कोळसा होतो.

स्टॅबिलायझरच्या मागे मिक्सर, इस्त्री किंवा फ्रीज कधीही लावू नका, "एकदाच" म्हणूनही नाही. स्पाइक गार्डमध्ये दुसरा स्पाइक गार्ड, त्यात तिसरा अशी माळही नको.

इन्व्हर्टर असलेल्यांसाठी एक बारीक गोष्ट. लाईट असताना इन्व्हर्टर मेनची वीज जशीच्या तशी पुढे ढकलतो, त्यामुळे तो आहे म्हणून स्टॅबिलायझर नको असं नाही. पण जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्टॅबिलायझर गुंगुं आवाज करतो आणि तापतो. तसं होत असेल तर लाईट गेल्यावर टीव्ही बंद ठेवा. साइन वेव्हवाल्यांना ही अडचण नाही.

## टप्पा ५: जी वायर सगळे विसरतात

सगळं जोडून झालं, आकडे बरोबर, आणि मृगाच्या आधीच्या एका वादळात टीव्ही गेला. हे मी दरवर्षी पाहतो. असा टीव्ही उघडला तर पॉवर सप्लाय धडधाकट असतो. जळालेला असतो एचडीएमआयचा पोर्ट आणि त्याच्या मागची चिप. म्हणजे झटका मेनमधून आलाच नाही. गच्चीवरच्या डिशमधून वायरने सेट टॉप बॉक्समध्ये आला आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत. केबलवाल्याची खांबाखांबावरून आलेली वायर आणि राउटरची लॅन वायर हेही तेच दरवाजे आहेत.

त्यामुळे सेट टॉप बॉक्स त्याच स्पाइक गार्डमध्ये हवा, शेजारच्या मोकळ्या सॉकेटमध्ये नको. दोघांचा अर्थ एकच राहिला तर त्यांच्यात व्होल्टेजचा फरक कमी पडतो. डिशची वायर स्पाइक गार्डमधून जात असेल तर तशी न्या. आणि डिशचा लोखंडी पाय अर्थिंगला जोडून घ्या. वायरमनला अर्ध्या तासाचं काम आहे.

एवढं करूनही जवळ वीज पडली तर यातलं काहीही टिकत नाही. तिथे उपाय हाताने करायचा. एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन काळात आभाळ भरून आलं आणि लांबवर गडगडलं की भिंतीतून प्लग उपसा आणि सेट टॉप बॉक्सची डिशची वायर फिरवून मोकळी करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण एकच तार तोडतं, आणि जुन्या वायरिंगमध्ये ती फेजऐवजी न्यूट्रल निघते.

सावधान: हे काम कडकडाट डोक्यावर यायच्या आधी करायचं. वीज जवळ पडायला लागली असेल तर डिशच्या वायरला हात लावू नका. टीव्ही जाऊ दे.

## रोजची सवय आणि महिन्याची तपासणी

रात्री झोपताना स्टॅबिलायझरचं बटण बंद करा. मावसभावाने स्टॅबिलायझर मुद्दाम दाराजवळ, लाईटच्या बटणाखाली बसवून घेतला, म्हणजे जाता जाता हात जातो. लाईट जाऊन आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं व्होल्टेज उड्या मारतं. स्टॅबिलायझरला टाईम डिले असेल तर तो काढू नका, नसेल तर तेवढी मिनिटं तुम्हीच थांबा.

महिन्यातून एकदा स्पाइक गार्डचा "प्रोटेक्टेड" दिवा पाहा. तो विझला असेल तर आतली चकती मेली आहे. टीव्ही मात्र त्यातून चालूच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढचा झटका थेट टीव्हीला जातो. चकती दर झटक्याला थोडी थोडी झिजते आणि ती किती उरली हे घरी मोजता येत नाही. तिला दुरुस्ती नाही, बोर्ड बदलायचा. जोरदार कडकडाटाचे तीन-चार पावसाळे झाले की दिवा चालू असला तरी मी बदलायला सांगतो.

प्लगच्या पिना पिवळट-काळ्या पडल्या असतील किंवा सॉकेट हाताला कोमट लागत असेल तर सॉकेट सैल आहे. त्या सैलपणातून उडणाऱ्या ठिणग्याही टीव्हीपर्यंत झटकेच पोचवतात, आणि लोक खांबाकडे बघत बसतात.

टीव्ही गेलाच, तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ राहतात. दुरुस्तीला नेताना स्टॅबिलायझर, स्पाइक गार्ड आणि व्होल्टेजची वही सोबत आणा. मला निम्मं उत्तर वहीत मिळतं. आणि नवा स्पाइक गार्ड आणला की आधी त्याच्या पोटावर परमनंट मार्करने महिना आणि साल लिहा, डबा फेकायच्या आधी.